निरोपाच्या व्यंगचित्रात चेहरा त्यांचाच दिसावा म्हणून

प्रश्न: "आमच्या हिशेब विभागातले ज्येष्ठ सहकारी पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांच्या फोटोवरून, त्यांचे छंद दाखवणारं एखादं विनोदी व्यंगचित्र एआयकडून करून घेऊन फ्रेममध्ये द्यायचं ठरलंय. छंद: बागकाम, बुद्धिबळ, सायकल आणि जुने रेडिओ दुरुस्त करणं. मी फोटो देऊन हे सगळं सांगितलं, पण चेहरा भलत्याच माणसाचा येतो आणि चित्र विनोदी न वाटता जाहिरातीसारखं वाटतं. प्रॉम्प्ट नेमका कसा लिहू?"

तुमच्या वर्णनात दोन बिघाड आहेत आणि त्यांची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून आधी ते सुटे करतो. चेहरा हरवतो, कारण प्रॉम्प्टमध्ये त्या चेहऱ्याबद्दल एकही शब्द नसतो. चित्र जाहिरातीसारखं होतं, कारण छंदांची यादी दिलेली असते, पण प्रसंग दिलेला नसतो. एकाच प्रॉम्प्टमध्ये दोन्ही दुरुस्त करायला गेलात, तर एक सुधारताना दुसरं बिघडतं. मी गेली अठरा वर्षं निरोपसमारंभांसाठी अर्कचित्रं काढतोय, आधी फक्त हातानं, आता बरीचशी अशा साधनांच्या मदतीनं. सगळ्यात उपयोगी पडलेली सवय एकच: आधी नुसता चेहरा पक्का करायचा, प्रसंग मागाहून.

काही गोष्टी अर्थातच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचं साधन फोटो स्वीकारून त्यावर काम करणारं असायला हवं. काही साधनं फक्त शब्दांवरून चित्र काढतात, आणि त्यांच्याकडून ओळखू येणारा चेहरा मिळणं हा निव्वळ योगायोग असतो. दुसरं म्हणजे फोटो. आणि तिसरं, ज्यांचं चित्र आहे त्या माणसाला कितपत थट्टा आवडते, हे तुम्हालाच माहीत.

फोटोपासून सुरुवात करू. बहुतेक लोक समूहफोटोतून चेहरा कापून देतात. त्यात चेहऱ्याच्या वाट्याला इतकी कमी माहिती उरते की साधन उरलेलं स्वतःच्या मनानं भरतं, आणि त्याच्या मनात असतो सरासरी देखणा चेहरा. हातभर अंतरावरून काढलेला सेल्फीही नको. कॅमेरा जवळ असला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे सरकून बारीक होतात. अर्कचित्र हे प्रमाणांवर उभं असतं, म्हणून मुळातच प्रमाणं बिघडलेला फोटो दिला तर चुकीच्याच गोष्टी वाढवल्या जातात. दीड-दोन मीटरवरून, खिडकीचा उजेड एका बाजूनं पडलेला, मान थोडी वळलेली आणि चष्म्यावर चमक नसलेला एक फोटो मिळवा. मान वळलेली असली की नाकाचा उंचवटा आणि हनुवटीचा आकार कळतो. अगदी समोरून, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत चेहरा सपाट होतो. जमल्यास दुसरा एक फोटो द्या, ज्यात ते बेसावध हसतायत. दोन्हींतलं वय मात्र सारखं हवं. पंधरा वर्षांपूर्वीचा एक आणि आजचा एक असे दिलेत, तर मधलाच कुणी तिसरा माणूस तयार होतो.

आता शब्दाकडे येतो. तुम्ही 'व्यंगचित्र' म्हणालात. व्यंगचित्रात प्रसंगाचा विनोद असतो, तर अर्कचित्रात चेहऱ्याचा अर्क काढलेला असतो. तुम्हाला दोन्ही हवंय. साधनाला नुसतं 'कार्टून' सांगितलं की ते चेहरा सोपा करतं, आणि सोपा करणं म्हणजे त्यातलं वेगळेपण काढून टाकणं. गोल डोळे, छोटं नाक, गुळगुळीत गाल, झाला कुणीही. 'कॅरिकेचर' म्हटलं तर निदान वेगळेपण वाढवायचंय एवढं त्याला कळतं. 'अर्कचित्र' हा शब्द माझा लाडका आहे, पण प्रॉम्प्टमध्ये मी 'कॅरिकेचर'च लिहितो, कारण तो सहसा चुकत नाही.

पण काय वाढवायचं हे तुम्हीच सांगायला हवं, आणि ते शोधण्याची माझी पद्धत अशी. फोटो बाजूला ठेवा आणि तीन सहकाऱ्यांना वेगवेगळं गाठून विचारा: "त्यांचा चेहरा आठवला की पहिलं काय दिसतं?" तिघांच्या उत्तरांत जे दोनदा येईल, ते वाढवायचं. समजा, उत्तरं आली: जाड भुवया, चष्मा नाकाच्या टोकावर आणि त्याच्या वरून रोखलेली नजर, पुन्हा भुवया, आणि 'बिलावर नजर टाकतात तशी नजर'. तुमचं अर्कचित्र इथेच मिळालं. दोनच गोष्टी वाढवा, भुवया आणि चष्म्यावरून येणारी नजर. बाकी सगळं जसंच्या तसं राहू द्या. चार गोष्टी वाढवल्या की एकही वाढलेली वाटत नाही, सगळा चेहराच विचित्र होतो.

काय वाढवायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. पोट, टक्कल, दात, रंग, उंची. जे माणसानं निवडलेलं नाही आणि ज्याबद्दल तो आयुष्यभर ऐकत आलेला असू शकतो, त्याला मी हात लावत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका गृहस्थांचं पोट मोठं काढलं होतं. ते व्यासपीठावर हसले, आणि चित्र घरी नेऊन कपाटामागे ठेवलं. त्यांच्या पत्नीनं नंतर सांगितलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. भुवया उडवणं, चष्मा घसरवणं, एका खास पद्धतीनं मान तिरपी करणं ही माणसाची लकब असते. लकबीवर हसलेलं माणसाला आवडतं, कारण त्यात आपल्याला कुणीतरी इतकी वर्षं निरखलंय हे त्याला कळतं.

तर पहिला प्रॉम्प्ट फक्त चेहऱ्याचा:

```
सोबतच्या फोटोतल्या व्यक्तीचं कॅरिकेचर काढ.
फक्त डोकं आणि खांदे, मागे कोरी पांढरी जागा.
जसंच्या तसं ठेव: साठीचं वय, कपाळावरच्या आडव्या
रेषा, विरळ पांढरे केस, रुंद हनुवटी, ओठ मिटून हसू.
वाढवून दाखव: भुवया खूप जाड आणि वर चढलेल्या;
चष्मा नाकाच्या टोकावर, नजर चष्म्याच्या वरून.
शैली: काळ्या शाईची रेघ, हलके जलरंग.
```

'साठीचं वय' आणि 'कपाळावरच्या रेषा' हे शब्द गाळू नका. ही साधनं माणसाला न विचारता तरुण आणि गुळगुळीत करतात, आणि निवृत्तीच्या चित्रात पंचेचाळिशीचा माणूस दिसला की ओळख तिथेच तुटते. 'ओठ मिटून' हेही मुद्दाम आहे. फोटोत दात दिसत नसतील आणि तुम्ही नुसतं 'हसरा' लिहिलंत, तर साधन स्वतःच्या मनानं दात बसवतं, आणि दुसऱ्याचे दात बसलेला चेहरा दुसऱ्याचाच वाटतो. 'गोंडस' हा शब्द टाळा. त्यानं डोळे मोठे होतात आणि वय अर्ध्यावर येतं.

एकाच प्रॉम्प्टवर पाच-सहा चित्रं काढून घ्या आणि त्यांतलं चांगलं निवडण्यासाठी स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका. तासभर तोच चेहरा बघितल्यावर सगळंच खरं वाटायला लागतं. चित्र नखाएवढं लहान करून बघा. ओळख लांबूनच पटायला हवी. मग ज्याला काही माहीत नाही अशा एका सहकाऱ्याला दाखवा आणि फक्त विचारा, "हे कोण?" दोन सेकंदांत नाव आलं तर चेहरा पक्का. "थोडेसे त्यांच्यासारखे वाटतात" असं उत्तर आलं तर ते नाही म्हणून धरा. अशा वेळी बहुतेकदा चूक डोळ्यांमधलं अंतर किंवा केसांची रेषा यात असते. फोटो आणि चित्र शेजारी ठेवून या दोन जागा आधी तपासा, आणि जे चुकलंय तेवढंच एका वाक्यात लिहून पुन्हा काढा.

चेहरा हातात आला की विनोदाकडे वळायचं. चार छंद चित्रात आणायचे म्हटलं की साधन काय करतं? माणूस मध्ये उभा, एका हातात झारी, दुसऱ्या हातात सोंगटी, मागे सायकल, पायाशी रेडिओ, तोंडभर हसू. दुकानाच्या फलकावर असतं तसं. कुणी काहीच करत नसतं, म्हणून हसायला काही नसतं. विनोदासाठी चित्रात घडणारी एक गोष्ट लागते, आणि निरोपाच्या चित्रासाठी ती शोधायचा माझा एकच ठरलेला रस्ता आहे: कार्यालयातली सवय उचलायची आणि छंदात नेऊन ठेवायची. हा रस्ता चालतो, कारण ती सवय चित्र बघणाऱ्या प्रत्येकानं सोसलेली किंवा अनुभवलेली असते.

तुमचे सहकारी हिशेबातले आहेत, म्हणजे कागद तपासणं, लाल पेन, "याचं मूळ बिल कुठंय?" असं विचारून परत पाठवणं हे त्यांच्याकडून झालेलं असणारच, असं धरून चालतो. नसेल, तर त्यांची जी खरी सवय असेल ती घ्या. आता ही सवय बागेत नेऊ. बागेत ते टेबल टाकून बसलेत, आणि भाज्या हातात कागद घेऊन रांगेत उभ्या आहेत, तोडणीसाठी मंजुरी घ्यायला. पहिल्या टोमॅटोला घाम फुटलाय. याला स्पष्टीकरण लागत नाही, आणि यात त्यांची काटेकोर वृत्ती, त्यांचं बागेवरचं प्रेम आणि तुम्हा सगळ्यांची रांगेतली वर्षं एकत्र येतात.

म्हणजे बागकाम हा मुख्य छंद झाला. बुद्धिबळ दुसरा, आणि तोही नुसता मांडून ठेवायचा नाही. बागेतलं बुजगावणं पटासमोर डोक्याला हात लावून विचारात पडलंय, म्हणजे हे गृहस्थ पलीकडे मंजुऱ्या देता देता त्याला हरवतायत. सायकल मागे, कुंपणाला टेकलेली, निवांत. रेडिओ मी काढून टाकेन. तुम्हाला वाईट वाटेल, पण चौथी वस्तू आली की नजर भटकते आणि रांगेतल्या टोमॅटोचा घाम कुणाला दिसत नाही. रेडिओ सोबतच्या शुभेच्छापत्रात शब्दांनी आणा. उलट त्यांच्या घरी बागेपेक्षा रेडिओंचीच चर्चा जास्त असेल, तर अख्खा प्रसंग तिकडे न्या: दुरुस्तीला आलेले रेडिओ रांगेत, आणि ते विचारतायत खरेदीची पावती. नियम तोच राहतो, एक छंद प्रसंग घडवतो आणि बाकीचे मागे राहतात.

दुसऱ्या प्रॉम्प्टसोबत पक्का झालेला चेहरा आणि मूळ फोटो दोन्ही जोडा:

```
जोडलेल्या कॅरिकेचरमधला चेहरा तसाच ठेव.
उभं चित्र, २:३. डोकं मोठं, शरीर लहान.
मध्यभागी: हे गृहस्थ बागेत छोट्या टेबलामागे बसलेत,
उजव्या हातात लाल पेन, चष्म्यावरून पुढे बघतायत.
टेबलासमोर: तीन टोमॅटो आणि एक वांगं रांगेत उभे,
प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद, डोळे म्हणजे
दोन साधे काळे ठिपके. पहिल्या टोमॅटोला घाम फुटलाय.
डावीकडे मागे, लहान: जुना सदरा घातलेला गवताचा पुतळा
बुद्धिबळाच्या पटासमोर, डोक्याला हात, पट बाजूनं दिसतो.
उजवीकडे मागे: कुंपणाला टेकवलेली सायकल, अर्धी
झुडपामागे. वरचा पाचवा हिस्सा: मोकळं फिकट आकाश.
शैली: काळ्या शाईची रेघ, हलके जलरंग.
```

यातल्या काही शब्दांमागे ठेच खाल्लेली आहे. भाज्यांचे डोळे 'साधे ठिपके' असं लिहिलं नाही, तर माणसाचा चष्मा आणि जाड भुवया भाज्यांवरही उमटतात. एका आकृतीचं वर्णन शेजारच्या आकृतीत झिरपणं हा या साधनांचा नेहमीचा दोष आहे. 'भाज्यांना चष्मा नको' असं लिहून भागेलच असं नाही, कारण नकार बाजूला राहतो आणि 'चष्मा' हा शब्द काम करून जातो. म्हणून जे हवं तेच लिहा. बुद्धिबळाचा पट बाजूनं दाखवायला सांगितलाय, कारण वरून दिसला की त्यात ६४ घरं असायला हवीत आणि ती क्वचितच येतात. तुमचे सहकारी खेळाडू आहेत, त्यांची नजर पहिली तिथेच जाईल. सायकल अर्धी झाकलीय तीही याचसाठी, साखळी आणि पेडल यांचा गुंता लपतो. 'बुजगावणं' हा शब्द साधनाला कळला नाही तर भलतंच काही येतं, म्हणून मी वस्तूचं नाव न लिहिता ती कशी दिसते ते लिहिलं. मराठीत प्रॉम्प्ट चालतो, पण एखादा शब्द दोनदा चुकला की तो सोडून वर्णनावर या.

डोकं किती मोठं, हा एक प्रश्न उरतो. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते. अशा चित्रात मला तिप्पट उंची बरी वाटते. चेहऱ्याला जागा मिळते आणि हात तरी काही करण्याइतके मोठे राहतात. दुपटीवर आलं की माणूस बाहुलीसारखा दिसतो. 'डोकं मोठं' लिहून हवं तेवढं आलं नाही, तर 'पूर्ण उंची डोक्याच्या तिप्पट' असं लिहून बघा. आकडा नेहमी तंतोतंत पाळला जात नाही, पण दिशा कळते. टेबलामागे बसवल्याचा इथे आणखी एक फायदा आहे: पाय दाखवावेच लागत नाहीत.

पहिल्याच फेरीत सगळं नीट येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि सलग दोन-तीन दुरुस्त्यांनंतर थांबा. प्रत्येक दुरुस्तीत साधन पूर्ण चित्र पुन्हा रंगवत असतं, त्यामुळे तुम्ही टोमॅटो बदलायला सांगता आणि चेहराही केसभर सरकतो. पाचव्या फेरीला तो पुन्हा कुणीतरी दुसराच होतो, आणि हळूहळू झाल्यामुळे तुमच्या लक्षात येत नाही. म्हणून दर दुरुस्तीनंतर पहिला पक्का चेहरा शेजारी उघडून ठेवा. सरकलेला दिसला की चालू चित्र दुरुस्त करत बसू नका. पक्का चेहरा आणि मूळ फोटो घेऊन, सुधारलेल्या प्रॉम्प्टसह नव्यानं सुरू करा. एकच भाग निवडून बदलण्याची सोय तुमच्या साधनात असेल, तर बोटांसाठी ती वापरा. पेन धरलेला हात मोठा करून बघा आणि बोटं मोजा.

अक्षरं मात्र साधनाकडून लिहवून घेऊ नका. देवनागरीतली जोडाक्षरं आणि वेलांट्या अनेकदा मोडतात, आणि आयुष्यभर आकडे तपासलेल्या माणसाला चुकीच्या स्पेलिंगमध्ये नाव लिहून देणं बरं दिसत नाही. म्हणूनच वर आकाश मोकळं ठेवलंय आणि भाज्यांच्या हातात कोरे कागद दिलेत. चित्र झाल्यावर कुठल्याही साध्या संपादन-अॅपमध्ये आकाशात त्यांचं नाव टाइप करा, आणि पहिल्या टोमॅटोच्या कागदावर बारीक अक्षरांत त्यांचं रोजचं वाक्य. तुमच्याकडे खरं वाक्य असेल तेच घाला, मी सुचवलेलं नको.

छपाईचा हिशेब आधीच करून ठेवा. अशी साधनं बरेचदा १०२४ × १५३६ पिक्सेलच्या आसपास चित्र देतात. ते ए४ कागदावर छापलं तर एका इंचात साधारण १२५ ते १३० ठिपके येतात. हातात धरून बघायला हे कमी पडतं, शाईची रेघ मऊ दिसते. ए४ साठी २४८० × ३५०८ पिक्सेल असले की इंचाला ३०० ठिपके मिळतात. त्यासाठी चित्र सुमारे अडीच पट मोठं करावं लागेल. ते वेगळ्या अपस्केलिंग-साधनानं करा आणि केल्यावर चेहरा पुन्हा तपासा, कारण काही साधनं मोठं करताना सुरकुत्या पुसतात. २:३ हे प्रमाण ए४ पेक्षा थोडं उंच आहे. कागदाची पूर्ण रुंदी भरलीत तर वरखाली मिळून जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर कापलं जातं, आणि आकाशातलं नाव किंवा टोमॅटोचे पाय त्यात जाऊ शकतात. उंचीनुसार बसवा आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या सेंटिमीटरची पांढरी पट्टी राहू द्या.

फोटो कुठे चढवताय याचाही विचार करा. फोटोत मागे दुसरे कुणी असतील तर ते कापा, गळ्यातलं ओळखपत्र झाका, आणि तुमचं साधन चढवलेल्या फोटोंचं काय करतं ती सेटिंग आधी बघून घ्या. भेट गुपित ठेवायची असल्यामुळे त्यांना विचारता येत नसेल, तर घरातल्या कुणाला तरी विचारा, आणि छपाईला देण्याआधी चित्रही त्यांनाच दाखवा. या दाखवण्यात दोन गोष्टी साधतात. चेहरा खरा उतरलाय का हे त्यांच्याइतकं अचूक कुणी सांगत नाही, आणि एखादी लकब त्यांना बोचणारी असेल तर ती वेळेत कळते.

आणि फ्रेम करणार आहात म्हणून एक: ए४ चित्र ए३ कागदाच्या मधोमध छापून घ्या. चारी बाजूंना रुंद पांढरी जागा उरते, तिथे सगळ्यांना सह्या करता येतात. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर पेनाची शाई लवकर वाळत नाही, आणि पुढच्याच्या मनगटाला लागून चेहऱ्यापर्यंत ओढली जाते.